बारा वर्षांचे डोमेन, पाच आठवड्यांचे दुकान

भाच्याचा मेसेज रात्री साडेनऊला आला. एक लिंक आणि खाली एकच ओळ : "मामा, हे दुकान खरं आहे का बघ ना, ऑफर बारा वाजता संपतेय."

लिंक कॅमेऱ्याची होती. फुल-फ्रेम मिररलेस बॉडी, ज्यासाठी तो दीड वर्ष पैसे साठवत होता. बाकी सगळीकडे जी किंमत दिसत होती, तिच्यापेक्षा इथे पस्तीस टक्के कमी. त्याला तिथेच थोडी शंका आली होती, पण त्याने स्वतः थोडी तपासणीही केली होती आणि तिचा निकाल त्याला हवा तसा आला होता. "डोमेन बारा वर्षं जुनं आहे, मी चेक केलंय. फसवणारे लोक कालपरवा काढलेली साइट वापरतात ना?"

त्याचे बोलणे चुकीचे नव्हते, अर्धवट होते. बनावट दुकाने बहुतेक वेळा काही दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या डोमेनवरच उभी असतात, आणि ते कळायला एक मिनिटही लागत नाही. पण हे सर्वांना माहीत झाले आहे, त्यात फसवणारेही आले. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे. इथे नेहमीची पहिली कसोटी दुकानाने बिनधास्त पार केली होती.

आधी किमतीबद्दल. मोठी सवलत म्हणजे फसवणूक असे सरसकट म्हणता येत नाही. जुने मॉडेल संपवायचे असते, खोका उघडलेला परत आलेला माल असतो. पण हे मॉडेल बाजारात नवे होते आणि पान म्हणत होते 'सीलबंद, स्टॉकमध्ये ४७ नग'. कॅमेऱ्याच्या बॉडीवर विक्रेत्याला फारसे काही सुटत नाही. तो कमावतो लेन्स, बॅटऱ्या, बॅगा आणि मेमरी कार्डांवर. त्यामुळे नव्या, मागणी असलेल्या बॉडीवर पस्तीस टक्के सोडणे म्हणजे प्रत्येक नगामागे स्वतःच्या खिशातून पैसे घालणे. कोणी एखादा नग तसा विकेल, सत्तेचाळीस नाही.

मग डोमेन. lookup.icann.org वर नाव टाकले की नोंदणीची माहिती मिळते. काही देशांच्या स्वतःच्या डोमेन-प्रत्ययांसाठी त्या त्या देशाच्या नोंदणी संस्थेचे पान बघावे लागते, पण .com सारख्यांना हे पुरते. मालकाचे नाव बहुधा झाकलेले असते. त्यावरून काही ठरवू नये, प्रामाणिक लोकांचेही झाकलेलेच असते. बघायच्या असतात त्या तारखा. त्या दुकानाच्या अशा होत्या :

```
Created: 2013-04-18
Updated: 2025-07-29
Registry Expiration: 2026-04-18
```

भाच्याने पहिली ओळ वाचली आणि थांबला. मला मधली ओळ खटकली. 'अपडेटेड' बदलायला फार काही लागत नाही, दरवर्षीच्या नूतनीकरणानेही ती बदलते. पण हे डोमेन एप्रिलमध्ये संपते, म्हणजे नूतनीकरण एप्रिलच्या आसपास व्हायला हवे. जुलैअखेर कोणी हात लावला? नोंदणीची कंपनी बदलली, साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारा नेमसर्व्हर बदलला किंवा मालकच बदलला. यातले नेमके काय झाले ते ही नोंद सांगत नाही, फक्त हालचाल झाली एवढे सांगते.

इथे एक बारीक गोष्ट आहे. डोमेनची मुदत संपली, कोणी नूतनीकरण केले नाही आणि ते पूर्ण रद्द होऊन पुन्हा कोणी घेतले, तर 'क्रिएटेड'ची तारीख नव्याने सुरू होते. पण बरीच डोमेन तिथवर पोचतच नाहीत. रद्द होण्याआधीच नोंदणी कंपन्या त्यांचा लिलाव करतात, किंवा मूळ मालकच ती विकून टाकतो. अशा व्यवहारात जुनी तारीख तशीच राहते. जुने, बदनाम न झालेले डोमेन विकत घेणे हा रीतसर धंदा आहे आणि त्याचे गिऱ्हाईक कोणीही असू शकते. म्हणजे ही तारीख पाटी कधी रंगवली ते सांगते. पाटीखाली आज कोण बसले आहे ते तिला ठाऊक नसते.

ते कळण्यासाठी मी web.archive.org उघडले. जगभरच्या पानांच्या जुन्या प्रती तिथे साठवलेल्या असतात. पत्ता टाकला की वर्षांची पट्टी येते आणि ज्या दिवशी प्रत घेतली त्या दिवसावर गोल ठिपका असतो. २०१४ ते २०२१ भरपूर ठिपके. मी २०१६ चा एक उघडला.

नृत्यवर्ग. लहान मुलींच्या वार्षिक कार्यक्रमाचे फोटो, सोमवार-गुरुवारच्या बॅचचे वेळापत्रक, आणि 'नवीन प्रवेश सुरू' असे फिरते अक्षर. २०२० च्या प्रतीत वर्ग बंद असल्याची सूचना. २०२२ पासून तीन वर्षे एकच कोरे पान, 'हे डोमेन विकणे आहे'. आणि मग २०२५ च्या ऑगस्टमधला एकुलता एक ठिपका : कॅमेरे, लेन्स, ड्रोन, गेमिंग कन्सोल, सगळ्यांवर तीस ते चाळीस टक्के सूट.

मी स्क्रीनशॉट भाच्याला पाठवला. त्याचे उत्तर आले, "कदाचित त्यांनी धंदा बदलला असेल."

मला हसू आले, पण मुद्दा सोडण्यासारखा नव्हता. डोमेन विकत घेऊन नवे दुकान काढणे हा गुन्हा नाही. फक्त पानाच्या वर ठळक अक्षरांत लिहिले होते : '२०१३ पासून छायाचित्रकारांच्या विश्वासाचे'. हे मात्र खोटे होते, आणि ते आता आमच्या समोर होते. नवे असणे चालते. नवे असून जुने असल्याचे सांगणे म्हणजे कोणीतरी डोमेनची तारीख बघून मुद्दाम ते वाक्य लिहिले आहे.

आता पानाच्या तळाशी गेलो. दुकान नेहमी तळापासून वाचावे, वरचा भाग सगळेच सजवतात. तळाशी कंपनीचे नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, फोन. शिवाय सुरक्षित खरेदीचे चार बिल्ले, ज्यांवर क्लिक केल्यावर काहीच होत नव्हते, ती नुसती चित्रे होती. पत्त्याच्या पट्टीतल्या सुरक्षित जोडणीबद्दल भाच्याने विचारलेच. ती असणारच. `https` चे प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळते. तुम्ही टाइप केलेले मधे कोणी वाचत नाही एवढीच त्याची हमी. पलीकडे वाचणारा कोण, याबद्दल ते काही बोलत नाही. लोक त्या कुलपाच्या चिन्हाला दुकानाच्या सचोटीचा शिक्का समजत होते, म्हणून क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकले.

नोंदणी क्रमांक मी कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत शोधला. सापडला! नाव जुळले, पत्ता जुळला, कंपनी चालू स्थितीत. भाचा लगेच म्हणाला, "बघ."

इथे बरेच जण थांबतात, आणि थांबू नये. नोंदवही सर्वांसाठी उघडी असते, म्हणजे तिच्यातून चालू कंपनीचे नाव-क्रमांक उचलणेही कोणालाही सोपे. प्रश्न कंपनी आहे का हा नाही, ही वेबसाइट त्या कंपनीची आहे का हा आहे. त्याचे उत्तर कंपनीकडूनच घ्यावे लागते, आणि तेही या दुकानाच्या पानावरचा फोन न वापरता. तो फोन उचलणारा 'हो' म्हणणारच. कंपनीच्या नावाने वेगळा शोध घेतल्यावर तिची स्वतःची साधी वेबसाइट निघाली. ती औद्योगिक पंपांचे सुटे भाग पुरवते. रात्र झाली होती म्हणून तिथल्या पत्त्यावर दोन ओळींचा ईमेल टाकला. (उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले : आमचा कॅमेऱ्यांशी संबंध नाही, या आठवड्यात असे विचारणारे तुम्ही चौथे, आम्ही तक्रार केली आहे.)

पण त्या रात्री ते उत्तर हाती नव्हते आणि घड्याळ साडेदहाकडे चालले होते. भाच्याला बारा वाजायची धास्ती. मी त्याला सांगितले, पान ब्राउझरच्या खासगी, म्हणजे इन्कॉग्निटो खिडकीत पुन्हा उघड. उघडले. 'ऑफर संपायला शिल्लक' हे घड्याळ पुन्हा दोन तास एकोणसाठ मिनिटांवर. ते प्रत्येक पाहुण्यासाठी नव्याने सुरू होत होते. या एका गोष्टीने जेवढे काम केले तेवढे माझ्या तारखांनी केले नव्हते. त्याचा आवाजच बदलला.

मग परतीचे धोरण वाचले. हे पान कोणी वाचत नाही या भरवशावर ते लिहिलेले असते, म्हणून ते वाचावे. त्यातले वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधले तर तेच वाक्य बऱ्याच साइटवर मिळाले. यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. दुकान उभारायच्या सॉफ्टवेअरमध्ये असे तयार मसुदे असतातच आणि प्रामाणिक लहान दुकानदारही ते जसेच्या तसे चिकटवतात. मी शोधत होतो ते वेगळे : उचलताना राहून गेलेला धागा. तिसऱ्या परिच्छेदात मिळाला. 'वस्तू न वापरलेली, न धुतलेली आणि मूळ टॅगसह असावी.' कॅमेरा न धुतलेला. आम्ही दोघेही हसलो. हे धोरण कुठल्यातरी कपड्यांच्या दुकानातून आले होते आणि चिकटवणाऱ्याने ते एकदाही वाचले नव्हते.

फोटोंच्या बाबतीत लोक उलट करतात. कॅमेऱ्याचा फोटो उलट-शोधात, म्हणजे चित्रावरून शोधणाऱ्या सोयीत टाकतात, तो शंभर ठिकाणी सापडतो आणि घाबरतात. तो सापडणारच, उत्पादक कंपनीनेच तो सर्व विक्रेत्यांना दिलेला असतो. शोधायचा तो फोटो, जो फक्त यांच्याकडे असायला हवा : गोदाम, कर्मचारी, दुकानाचा दर्शनी भाग. 'आमची टीम' या पानावरचा चेहरा गूगल लेन्समध्ये टाकला. तोच माणूस एका ठिकाणी दंतवैद्य होता, दुसरीकडे विमा सल्लागार. विकत मिळणाऱ्या छायाचित्रांचा संग्रह. एखाद्या आळशी पण सच्च्या दुकानदारानेही असा फोटो वापरला असता, त्यामुळे एकट्या याला मी फार वजन देत नाही. पण 'संस्थापक' म्हणून खाली नाव लिहून वापरला होता, म्हणून दिले.

अभिप्राय मी जवळजवळ सोडूनच दिले. दुकानाच्या स्वतःच्या पानावर हजारो पाच तारे होते. ते दुकानाच्या हातात असतात, त्यांना किंमत शून्य. बाहेरच्या अभिप्राय साइटवर साठेक नोंदी, सगळ्या नऊ दिवसांत आलेल्या, 'लवकर मिळाले, मस्त' छापाच्या. एक तारा देणारे दोघेच. त्यांतल्या एकाने लिहिले होते की ट्रॅकिंगवर 'पोचले' असे दिसते, पण पार्सल आलेच नाही.

ही युक्ती नीट समजून घेण्यासारखी आहे. विकणारा तुमच्याच भागातल्या कुठल्यातरी भलत्याच पत्त्यावर हलकेसे पाकीट पाठवतो. ट्रॅकिंग क्रमांक खरा असतो, कुरिअरच्या पानावर तुमच्याच भागाचे नाव आणि 'डिलिव्हर्ड' दिसते. तुम्ही बँकेकडे तक्रार केली की तो हाच पुरावा पुढे करतो. माझा एक सहकारी लेन्सच्या बाबतीत यात सापडला होता. त्याला वाचवले वजनाने. त्याने कुरिअरकडून पोचपावतीचा तपशील मागवला, त्यात पार्सल ऐंशी ग्रॅमचे होते. लेन्सच मुळी सहाशे ग्रॅमच्या वरची, खोका वेगळा. तो कागद बँकेला दिल्यावर पैसे परत आले, पण मधे दोन महिने गेले.

त्याला पैसे परत मिळाले, याचे खरे कारण त्याने ते कार्डाने भरले होते. म्हणून माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकी जागा पैसे भरण्याचे पान असते. बाकी सगळे उसने आणता येते, डोमेन, कंपनी, चेहरे, तारे. पैसा मात्र शेवटी त्यांना स्वतःच्या हातातच घ्यावा लागतो.

मी कॅमेरा टोपलीत टाकला, पत्त्याच्या जागी काल्पनिक पत्ता भरला आणि पुढे गेलो. कार्डाचे पर्याय दिसत होते, ठळक चिन्हांसह. एक इशारा इथे द्यायला हवा : 'बघू चालते का' म्हणून खरा कार्ड क्रमांक कधीही टाकू नका. काही साइट वस्तू विकायला नसतातच, कार्डाचे तपशील गोळा करायला असतात. पैसे भरताना पत्त्याच्या पट्टीत काय दिसते ते बघा. नावाजलेल्या पेमेंट कंपनीच्या पानावर नेले जात आहे, की दुकानाच्याच पानावर कोरे चौकोन आहेत? दुकानाच्या पानावर चौकोन असणे आपोआप वाईट नाही, पेमेंट कंपन्यांची तशीही सोय असते. पण अनोळखी दुकानात मी तरी पुढे जात नाही.

मी कार्ड हा पर्याय नुसता निवडला. लाल पट्टी आली : 'तांत्रिक कारणाने कार्ड सेवा तात्पुरती बंद आहे. थेट बँक खात्यात भरल्यास आणखी पाच टक्के सवलत.' आणि खाली खाते क्रमांक. खातेदाराचे नाव कंपनीचे नव्हते, एका व्यक्तीचे होते.

मला इथेच पुरे झाले. कार्डाने दिलेले पैसे, माल आला नाही तर, बँकेमार्फत परत मागता येतात. त्याला चार्जबॅक म्हणतात आणि मोठ्या कार्ड-जाळ्यांत त्यासाठी साधारणपणे १२० दिवस असतात. म्हणूनच असली दुकाने 'सीमाशुल्कात अडकले', 'पुढच्या आठवड्यात नक्की' अशी पत्रे पाठवत राहतात. तुमची मुदत निघून जावी हा हेतू. आपण स्वतः बँकेतून पाठवलेले पैसे मात्र बहुतेक वेळा परत येत नाहीत, कारण बँकेच्या लेखी तो तुमचाच आदेश असतो. 'मित्र किंवा कुटुंबीयांना पैसे पाठवा' या नावाच्या सोयींचेही तेच. पेपालमध्ये त्या पर्यायाने पाठवलेल्या पैशांना खरेदीचे संरक्षण मिळत नाही आणि फसवणारे नेमका तोच पर्याय निवडायला सांगतात. सुरक्षित मार्ग आधी दाखवून ऐनवेळी बंद करणे आणि असुरक्षित मार्गाला वर बक्षीस लावणे, याचे दुसरे स्पष्टीकरण मला तरी अजून मिळालेले नाही.

रात्री साडेअकराला भाचा म्हणाला, "मग घ्यायचा कुठून?"

उत्तर उलट्या बाजूने शोधायचे. शोधयंत्रातून किंवा जाहिरातीतून दुकानाकडे जायचे नाही, जाहिरात कोणीही विकत घेतो. आधी उत्पादक कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जायचे, तिथली अधिकृत विक्रेत्यांची यादी उघडायची आणि त्या यादीतल्या दुव्यावरूनच दुकानात शिरायचे. मोठ्या कॅमेरा कंपन्यांच्या साइटवर अशी यादी असते. यादीतले एक दुकान दिसायला अगदी कळाहीन होते. मेनू दोन ओळींत मोडत होता, एका कोपऱ्यात दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीची सूचना तशीच. पण त्याच्या जुन्या प्रती काढल्या तर अकरा वर्षे दरवर्षी तेच दुकान, तोच पत्ता, आणि त्या त्या वर्षीचे कॅमेरे. असा इतिहास विकत घेता येत नाही. किंमत बाजारापेक्षा सहा टक्के कमी.

दोन्ही दुकानांना एकच प्रश्न पाठवला होता : ही वॉरंटी उत्पादकाची आहे की तुमची, आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो मिळेल का? पहिल्याने दहा मिनिटांत उत्तर दिले, '१००% ओरिजिनल सर, पूर्ण वॉरंटी, आजच ऑर्डर करा.' फोटोबद्दल अक्षर नाही. दुसऱ्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. काळ्या बॉडीवर उत्पादकाची वॉरंटी आहे, चंदेरी बॉडी बाहेरून आणलेल्या मालातली आहे, तिच्यावर फक्त दुकानाची एक वर्षाची. उत्पादकाचे सेवा केंद्र ती मोफत दुरुस्त करणार नाही. सोबत लेबलचा फोटो, अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे बोटाने झाकलेले. चंदेरी स्वस्त होती. त्यांना ती खपवता आली असती.

भाच्याने काळी घेतली, कार्डाने. पार्सल आल्यावर खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ काढला, कुरिअरच्या लेबलपासून सुरुवात करून, मधे कुठेही न थांबता. खोक्यावरचा अनुक्रमांक बॉडीच्या तळाशी कोरलेल्या क्रमांकाशी जुळवला आणि तोच क्रमांक उत्पादकाच्या साइटवर नोंदवला. साइटने तो स्वीकारला आणि वॉरंटीची अंतिम तारीख दाखवली. तोवर बिल त्याने फेकले नव्हते, याचे मला खरे तर जास्त आश्चर्य वाटले.

नृत्यवर्गाच्या पत्त्यावरचे ते दुकान तीन आठवड्यांनी उघडेनासे झाले. कुतूहल म्हणून मी ते धोरणातले वाक्य पुन्हा अवतरणचिन्हांत टाकून शोधले. एका वेगळ्याच नावाच्या, जुन्या डोमेनवर आता फक्त ड्रोन विकायला होते, आणि परत करताना ते न धुतलेले, मूळ टॅगसह असायला हवे होते.